तेल किती कमी करायचं आणि कुठे थांबायचं

वजन उतरवायचं ठरलं की शाकाहारी घरात पहिली कुऱ्हाड तेलावर पडते. हिशोबाने ते चुकीचं नाही. एक ग्रॅम फॅटमधून ९ कॅलरी मिळतात, प्रथिनं आणि कर्बोदकांमधून ४. भाजीतलं चमचाभर तेल कमी केलं तर ४० कॅलरी वाचतात आणि ताटातला घास एकही कमी होत नाही. घोळ होतो तो पुढे, जेव्हा 'कमी' म्हणता म्हणता 'बंद' होतं. महिन्या-दोन महिन्यांत पाळी लांबते, केस गळतात, थंडी वाजते, आणि मग शेजारची कोणी सांगते, 'तूप खा, हार्मोन तुपाने बनतात.'

या सल्ल्यात अर्धं खरं आहे. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, टेस्टोस्टेरॉन, कॉर्टिसॉल ही सगळी हार्मोन्स कोलेस्टेरॉलपासूनच तयार होतात. पण ते कोलेस्टेरॉल ताटातून यावं लागत नाही, यकृत ते स्वतः बनवतं. वनस्पतिजन्य अन्नात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतंच. दूध-तूपही न खाणाऱ्या लोकांची हार्मोन्स त्यामुळे थांबत नाहीत. मग फॅटची किमान मर्यादा कशासाठी पाळायची?

कारणं तीन आहेत. पहिलं, दोन स्निग्धाम्लं शरीराला बनवता येत नाहीत: ओमेगा-६ मधलं लिनोलेइक आणि ओमेगा-३ मधलं अल्फा-लिनोलेनिक. ती खाऊनच मिळवावी लागतात. दुसरं, अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं आतड्यातून शोषली जायला जेवणात थोडं फॅट असावं लागतं. तिसऱ्या कारणाकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही, ते म्हणजे पित्ताशय. जेवणात फॅट आलं की पित्ताशय आकुंचन पावून पित्त सोडतं. दिवसभर बिनतेलाचं खाणं आणि वजन भराभर उतरणं असं एकत्र झालं, तर पित्त साचून राहतं आणि खड्यांचा धोका वाढतो. म्हणून दिवसाचं सगळं फॅट चिमूट-चिमूट वाटण्यापेक्षा एका जेवणात तरी १० ग्रॅमच्या आसपास यावं.

आकडा कुठून येतो

जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांची २००८ मध्ये बैठक झाली, तिचा अहवाल २०१० मध्ये आला. त्यात बहुतेक प्रौढांसाठी एकूण कॅलरींच्या किमान १५ टक्के फॅट सांगितलं आहे. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांसाठी आणि ज्यांचं वजन मुळातच कमी आहे त्यांच्यासाठी किमान २० टक्के. हे आकडे म्हणजे 'याच्या खाली नको' अशी रेघ आहे, तिथे जाऊन पोहोचायचं असं नाही. बाईने २० ते २५ टक्क्यांच्या मध्ये राहावं, पुरुषानेही २० च्या खाली मुद्दाम जाऊ नये, असं आमचं मत.

पुरुषांबद्दल इतकं ठामपणे म्हणण्यामागे थोडा आधार आहे. २०२१ मध्ये सहा छोट्या प्रयोगांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सगळे मिळून २०६ पुरुष होते. आहारातलं फॅट सुमारे ४० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणल्यावर त्यांचं टेस्टोस्टेरॉन सरासरी १० ते १५ टक्के घसरलं. ही घसरण काही भयंकर नाही, आणि २०६ हा आकडाही लहानच. शिवाय पोटावरची चरबी स्वतःच टेस्टोस्टेरॉन खाली ओढते, त्यामुळे जाड माणसाचं वजन उतरलं की ते बरेचदा वर येतं. या अभ्यासाचा दाखला देऊन कोणी रोज वाटीभर तूप प्यायला सांगत असेल तर त्याने तो नीट वाचलेला नाही.

पाळीचं गणित मात्र वेगळं आहे. डाएटवर पाळी गेली की दोष तेल बंद केल्याला दिला जातो. खरा गुन्हेगार बहुतेक वेळा एकूण खाणं कमी पडणं हा असतो. शरीर आधी व्यायामाला लागणारी ऊर्जा बाजूला काढतं, आणि उरलेल्यात हृदय, मेंदू, हाडं, हार्मोन असा सगळा संसार चालवतं. उरलेलं फार कमी झालं की मेंदू अंडाशयाला जाणारे संदेश मंद करतो. नियमित पाळी येणाऱ्या तरुण स्त्रियांवर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हे पाच दिवसांत दिसून आलं. चरबी सोडून उरलेल्या शरीराच्या दर किलोमागे दिवसाला ३० कॅलरींपेक्षा कमी उरलं, तेव्हा हे संदेश विस्कटले. ३० हा आकडा म्हणजे भिंत नव्हे, कोणाचं थोडं वर बिघडतं, कोणाचं खाली. पण डाएट तपासायला चांगली फूटपट्टी आहे.

म्हणजे दोन रेघा झाल्या: फॅटची आणि एकूण खाण्याची. बिनतेलाच्या डाएटवर माणूस दोन्ही एकदम ओलांडतो, म्हणून दोष कोणाचा ते कळत नाही.

एक ताट, दोन चुका

उदाहरण घेऊ. घणसोलीला राहणारी, रोज लोकलने ठाण्याला कामाला जाणारी ३४ वर्षांची बाई. वजन ६६ किलो, उंची १५८ सेंटिमीटर, संध्याकाळी अर्धा-पाऊण तास भरभर चालणं. तिचा दिवसाचा खर्च साधारण १९०० कॅलरी निघतो. ३५० कमी करून १५५० वर थांबायचं. २० टक्के म्हणजे ३१० कॅलरी, त्याला ९ ने भागलं की ३४ ग्रॅम फॅट. ही तिची खालची रेघ. लक्ष्य ४० ग्रॅम धरायचं, म्हणजे एखाद्या दिवशी मोजमाप हुकलं तरी ती रेघेच्या वर राहील.

आता दुसरी रेघ. अंगात ३५ टक्के चरबी धरली तर बाकीचं शरीर ४३ किलो. त्याला ३० ने गुणलं की १२९० कॅलरी. चालण्याचे २०० वजा केले तर तिच्याकडे १३५० उरतात. म्हणजे बेताने वर. यापेक्षा जास्त कात्री लावायला इथे फारशी जागा नाही, आणि महिन्याला सात-आठ किलोच्या जाहिराती हेच सांगत नाहीत.

पहिली चूक अशी दिसते. सकाळी कोरा चहा, पाण्यात शिजवलेले ओट्स, एक फळ. डब्यात दोन फुलके, वाफवलेली भाजी, बिनफोडणीचं मुगाचं वरण, साय काढलेलं ताक. संध्याकाळी मूठभर फुटाणे. रात्री सूप आणि वाटीभर मोड आलेले मूग. दिसायला किती शहाणं ताट! बेरीज केली तर कॅलरी ९३० च्या आसपास आणि फॅट जेमतेम ८ ग्रॅम, तेही धान्य-कडधान्यांत लपलेलं. टक्केवारी आठाच्या घरात. चालण्याचे २०० काढले तर शरीराच्या वाट्याला किलोमागे १७ कॅलरी येतात. इथे कोणी चमचाभर तूप वाढवायला सांगितलं तर काय होईल? ४० कॅलरी वाढतील आणि पाळी जिथे अडली तिथेच राहील.

दुसरी चूक याच्या नेमकी उलट. तेलाची बाटली कपाटात, फोडणीला एकच चमचा, म्हणून घरात सगळे समजतात की फॅट कमी आहे. पण डाएट म्हणून दिवसाला ३० ग्रॅम बदाम, त्यात १५ ग्रॅम फॅट. प्रथिनांसाठी १०० ग्रॅम पनीर, २० ते २५ ग्रॅम. भाजीत दोन चमचे दाण्याचं कूट, १० ग्रॅम. आमटीला ओल्या खोबऱ्याचं वाटण, सहा-सात. चहा-दह्याला म्हशीचं ३०० मिलिलिटर दूध, १८ ते २०. सगळं मिळून ७० च्या पुढे, तेलाचा चमचा वेगळाच. वजन हलत नाही आणि बाई म्हणते, 'मी तर तेलच खात नाही.' ती खोटं बोलत नाही. कूट आणि खोबरं हे मसाले आहेत असंच आपल्या स्वयंपाकघरात मानतात. प्रत्यक्षात शेंगदाणा निम्मा तेलच असतो, तीळही, आणि सुकं खोबरं तर त्याच्याही वर.

शाकाहाऱ्याची खरी अडचण इथे आहे. प्रथिनं डाळीतून घेतली तर सोबत पिठूळ भाग येतो, पनीर-दाण्यांतून घेतली तर फॅट. कोंबडीच्या छातीच्या तुकड्यासारखा जवळपास निव्वळ प्रथिनांचा पर्याय ताटात नसतो. त्याच्या सगळ्यांत जवळ सोयाबीनच्या वड्या जातात: शंभर ग्रॅम कोरड्या वड्यांत ५० ग्रॅमच्या वर प्रथिनं आणि फॅट जेमतेम. दिवसाला ३० ग्रॅम कोरड्या वड्या पुरे. गरम पाण्यात भिजवून दोनदा पिळल्या की वास जातो.

पनीर सोडवत नसेल तर घरी करा. पिशवीवर 'डबल टोन्ड' लिहिलेल्या दुधात १.५ टक्के फॅट असतं. लिटरभर दुधात मुळातच १५ ग्रॅम असल्यामुळे पनीरमध्ये त्याहून जास्त येऊच शकत नाही. टोन्डमध्ये ३ टक्के, फुल क्रीममध्ये ६. दूध उकळल्यावर गॅस बंद करून मिनिटभर थांबा, मग लिंबाचा रस थोडा थोडा घाला. उकळत्या दुधात घातला तर हे कमी फॅटचं पनीर रबरासारखं चिवट होतं. तरी ते तुकड्यांपेक्षा भुर्जीलाच बरं. साय काढून फुल क्रीमचं स्किम्ड होत नाही हेही सांगून टाकावं. पिशवीतलं दूध होमोजिनाइज्ड असलं तर साय धरतेच कमी, फॅट दुधात विरघळल्यासारखं पसरलेलं राहतं.

चाळीस ग्रॅम कुठे ठेवायचे

आता तेच ताट पुन्हा मांडू. सकाळी ५० ग्रॅम मूगडाळीची धिरडी, तव्यावर मोजून एक चमचा तेल, सोबत डबल टोन्ड दुधाचं वाटीभर दही. दिवसातले दोन चहाही त्याच दुधाचे, बिनसाखरेचे. इथवर फॅट दहाच्या आत. डब्यात दोन पोळ्या, चमचाभर तेलातली भाजी, अर्ध्या चमच्याच्या फोडणीची मटकीची उसळ, ताक आणि दोन लहान चमचे, म्हणजे १० ग्रॅम जवसाची चटणी. या एका जेवणात साधारण १३ ग्रॅम येतं, म्हणजे पित्ताशयाचंही काम भागलं. संध्याकाळी एक फळ, मूठभर फुटाणे आणि दोन-तीन अक्रोड, त्यात आठ. रात्री चमचाभर तेलात सोयावडीची भाजी, वरण, एक लहान मूद भात आणि त्यावर चमचाभर तूप, कोशिंबीर. त्यात दहा. एकूण ४० च्या आसपास फॅट, १५७० कॅलरी आणि ७५ ते ८० ग्रॅम प्रथिनं.

या सगळ्यात जवसाची चटणी काही झालं तरी काढायची नाही. कारण शाकाहारी ताटात ओमेगा-६ ची ददात नसते. सूर्यफूल, करडई, शेंगदाणा ही तेलं तर आहेतच, धान्यातूनही थोडं येतं. अडतं ते ओमेगा-३ वर. शेंगदाणा, करडई आणि सूर्यफुलाच्या तेलात ते जवळपास नसतंच. बाईला दिवसाला १.१ ग्रॅम लागतं आणि पुरुषाला १.६. दहा ग्रॅम जवसातून दोन ग्रॅमच्या वर मिळतं. पण जवस अख्खा गिळला तर तसाच बाहेर पडतो, तो कुटलेलाच हवा. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, सुकी मिरची, लसूण, मीठ घालून जाडसर वाटा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवा. महिन्याभराची एकदम करू नका. जवसाचं तेल लवकर खवट होतं आणि कडसर वास आला की चटणी टाकूनच द्यावी. चटणीवर वरून तेल घालायची सवय असेल तर ते तेलही मोजणीत धरा, इथे बरेचजण गाफील राहतात.

मोजायचं कशाने? तेलाच्या डब्यातल्या पळीने तर नाहीच, तिच्यात दोन-तीन चमचे सहज मावतात. पोह्यांच्या चमच्याचाही भरवसा नाही, प्रत्येक घरात तो वेगळा. खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं प्लॅस्टिकचं माप धुऊन वाळवून ओट्यावर ठेवा. त्यावर ५ मिलिलिटरची रेघ असते, आणि तेवढ्या तेलात साधारण ४.५ ग्रॅम फॅट. चौघांची भाजी एकत्र होत असेल तर चार मापं घाला, माणशी एक होतं. स्वतःसाठी वेगळी भाजी करायचं खूळ पंधरा दिवसांवर टिकत नाही. महिन्याचा ताळाही सोपा आहे: चार माणसांच्या घरात महिन्याला दोन लिटर तेल लागत असेल तर माणशी दिवसाला १५ ग्रॅम होतं. पाच लिटरचा कॅन महिन्यात संपत असेल तर चमच्यांच्या हिशोबात कुठेतरी थाप आहे.

महापे-ऐरोलीच्या कॅन्टीनमध्ये किंवा पोळी-भाजी केंद्रावरच्या भाजीत माप चालत नाही. तिथे भाजी चमच्याने उचलून ताटाच्या कडेला क्षणभर टेकवा, तेल खाली निथळतं, ते तिथेच सोडा. रस्सा असेल तर वरची तर्री बाजूला करून घ्या. मिसळीच्या बाबतीत ही सूचना म्हणजे अपमान आहे, हे मान्य. ठाण्यात राहून मिसळ सोडा असं सांगण्यात अर्थ नाही. त्या दिवशी अक्रोड, तूप आणि धिरड्याचं तेल वगळा, जवस तेवढा ठेवा. तळलेल्या फरसाणात आणि तर्रीत ओमेगा-३ सहसा फारसं नसतं, त्यामुळे जवसाची जागा मिसळ घेऊ शकत नाही.

बिघडतंय हे कसं ओळखायचं

वजन आठवड्याला अर्ध्या किलोपर्यंत उतरत असेल तर ठीक. तीन-चार आठवडे हललंच नाही, तर आधी कूट, खोबरं आणि चहाचं दूध पुन्हा मोजा. मग फॅट ४० वरून ३५ वर आणा. त्याच्या खाली कापण्यापेक्षा चालणं वाढवलं तर बरं वाटतं, पण वाढवलेल्या चालण्याइतकं थोडं खाणंही वाढवावं लागतं, नाहीतर ती दुसरी रेघ ओलांडली जाते. वजन पाच-सहा किलो उतरलं की दोन्ही आकडे नव्याने काढायचे.

एकाएकी कोरडी पडलेली त्वचा, सारखी वाजणारी थंडी, झोप तुटणं, कामेच्छा कमी होणं ही आधीची लक्षणं. एकट्या लक्षणावरून निष्कर्ष काढू नये, थायरॉइड आणि लोह कमी असलं तरी यातलं बरंचसं होतं. पाळी हा जास्त खात्रीचा पुरावा. नेहमी २८-३० दिवसांनी येणारी पाळी ३८-४० वर गेली की पुढच्या महिन्याची वाट न पाहता खाणं दिवसाला २०० ते ३०० कॅलरींनी वाढवावं. ती वाढ तुपाच्या एका चमच्याने करू नये. एक भाकरी, एक चमचा तेल आणि वाटीभर दही असं मिळून करावं, कारण कमी पडलंय ते सगळंच. गर्भधारणेची शक्यता असेल तर ती चाचणी सर्वांत आधी.

पीसीओएस असलेल्या बाईला मात्र हाच नियम लावता येत नाही. तिची पाळी मुळातच लांबते, आणि वजन सावकाश उतरल्यावर ती बरेचदा सुधारते. तिने डाएट सुरू करण्याआधीच्या सहा महिन्यांच्या तारखा लिहून ठेवाव्यात, म्हणजे नवीन बिघाड आणि जुनी सवय यांत फरक करता येईल. पाळी सलग तीन महिने आलीच नाही तर आहारात फेरफार करत बसायचं नाही, स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचं. तिथे सहसा एफएसएच, एलएच, इस्ट्राडिओल, प्रोलॅक्टिन आणि टीएसएच ही हार्मोन्स रक्तात तपासतात. उजव्या बरगडीखाली जेवणानंतर कळ येऊन ती पाठीकडे किंवा खांद्याकडे गेली तर पित्ताशयाची सोनोग्राफी लागते.

पुरुषाने टेस्टोस्टेरॉन तपासायचं तर सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी, आणि आकडा कमी आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. दुपारी हे हार्मोन एरवीही खाली असतं. शिवाय रात्रपाळी करून किंवा चार तास झोपून दिलेल्या रक्तात कमी आलेल्या आकड्याचं खापर ताटातल्या तेलावर फोडता येत नाही.